झिरोचा बल्ब लागतो, पण मोटर उचलत नाही: तीस टक्क्यांवर बंद पडणाऱ्या मोबाईलची गोष्ट

खरिपाच्या पीक पाहणीचे दिवस आले की माझ्या दुकानात एकाच तक्रारीचे मोबाईल जास्त येतात. मागच्या हंगामात एक काकाजी आले. खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढून काउंटरवर ठेवला अन् म्हणाले, "पाय रे बाप्पा, तीनदा वावरात गेलो. तीस टक्के चार्जिंग दाखोते, अन् पऱ्हाटीचा फोटो काढाले गेलं का खटकन् बंद. घरी येऊन चार्जिंगले लावलं का पुन्हा तीसच दाखोते. मंग हे तीस टक्के गेले कुठी?"

त्याआधी ते दुसऱ्या एका दुकानात जाऊन आले होते. तिथं त्यांना सांगितलं होतं, सॉफ्टवेअर मारावं लागेल, चारशे रुपये, अन् फोनमधलं सगळं उडेल. नातवाचे फोटो उडतील म्हणून काकाजी तसेच परत फिरले. बरं झालं फिरले, कारण त्यांच्या प्रश्नातच अर्धं उत्तर होतं. घरी आल्यावर पुन्हा तीसच दाखवत असेल, तर ते तीस टक्के कुठं गेलेच नव्हते. चार्ज बॅटरीतच होता, तो लागेल तेवढ्या जोरात बाहेर येत नव्हता.

हे समजायला मोबाईल उघडायची गरज नाही. वावरातली मोटर आठवा. डीपीपासून विहिरीपर्यंत लांबच लांब, जागोजागी गाठी मारलेली वायर. खोपडीतला बल्ब छान लागलेला असतो. स्टार्टर दाबला की बल्ब एकदम लालसर होतो, मोटर नुसती घुंऽऽ करते, उचलत नाही, अन् स्टार्टर पडतो. स्टार्टर पडला की बल्ब पुन्हा पहिल्यासारखा. लाईन गेली होती का? नाही. लाईन होतीच. पण मोटर चालू होताना एकदम जास्त करंट ओढते, तो करंट त्या बारीक, गाठींच्या वायरीतून जाताना अर्धंअधिक व्होल्टेज वायरीतच पडतं अन् मोटरपर्यंत पुरेसं पोचत नाही. झिरोच्या बल्बाला करंट लागतोच किती? म्हणून तो लागलेला राहतो.

जुन्या बॅटरीच्या आत नेमकं हेच होतं. बॅटरीला स्वतःचा एक आतला अडथळा असतो, त्याला अंतर्गत रोध म्हणतात. नव्या बॅटरीत तो अगदी कमी असतो, म्हणजे वायर जाड असते. बॅटरी वापरली जाते, तापते, तसा आतल्या पट्ट्यांवर रासायनिक थर साचत जातो अन् आतलं द्रावणही खराब होत जातं. वायर बारीक होत गेल्यासारखंच ते. लोक म्हणतात, जुन्या बॅटरीत चार्जिंग कमी मावतं. तेही खरंच आहे, पण त्यानं फोन फक्त लवकर उतरेल. एक एक टक्का करत शून्यावर येईल अन् मग बंद होईल. तीसवर खटकन् बंद पडायला कारण लागतं ते या वाढलेल्या रोधाचं.

आता आकडे घेऊ, थोडेच. मोबाईलची बॅटरी पूर्ण भरली की तिचं व्होल्टेज साधारण ४.३५ ते ४.४५ असतं. तीस टक्क्यांच्या आसपास, फोन नुसता पडून असताना, ते ३.७ च्या थोडं वर असतं. अन् साधारण ३.३ च्या खाली घसरलं की फोनमधली पॉवरची चिप लाईन कापते. हा शेवटचा आकडा मॉडेलप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो. म्हणजे तीस टक्क्यांवर तुमच्या हातात घसरायला जागा उरते फक्त ०.४ व्होल्टची. भरलेल्या बॅटरीत हीच जागा एका व्होल्टहून जास्त असते. फोन एकाच वेळी जास्त करंट ओढायला लागला अन् आतल्या रोधामुळे ०.४ व्होल्टहून जास्त आतच पडलं, की खेळ खल्लास. टक्के मात्र तीसच.

टक्के तर मुळात फोननं केलेला हिशेब असतो. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, याची फोन नोंद ठेवतो, व्होल्टेजशी ताळा करतो अन् आकडा दाखवतो. टाकीत पाणी किती हे तो सांगतो. नळ उघडल्यावर धार किती येईल हे त्या आकड्यात नसतं.

अन् आता काकाजी वावरात काय करत होते ते पाहा. पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून ब्राइटनेस पूर्ण. जीपीएस चालू. कॅमेरा चालू. अन् टॉवर दूर गावात, त्यामुळे फोन जोर लावून सिग्नल फेकत असतो. काही सिम कॉलसाठी जुन्या टू-जीवर उतरतात. टू-जीत नेटवर्क कमजोर असलं की फोनच्या अँटेनातून क्षणभराच्या झटक्यांत २ वॉटपर्यंत ताकद बाहेर पडते, फोर-जीत ती साधारण ०.२ वॉटपर्यंतच असते. घरात पडल्या पडल्या व्हॉट्सॲप पाहताना यातलं काहीच नसतं. म्हणून "घरी चालते, वावरात बंद पडते" ही तक्रार मला खोटी वाटत नाही. उलट ती ऐकली की माझा संशय आधी बॅटरीवर जातो.

काकाजींच्या फोनमध्ये मी बॅटरीचं व्होल्टेज अन् करंट दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकलं. (पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर `*#*#4636#*#*` टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो अन् काहींमध्ये तिथं व्होल्टेजही दिसतं. सगळ्याच फोनमध्ये ते मिळत नाही.) फोन ३१ टक्क्यांवर होता, चार्जर काढलेला. नुसता पडून असताना करंट ०.२ अँपिअर, व्होल्टेज ३.७४. मग ब्राइटनेस पूर्ण केला, व्हिडिओ रेकॉर्डिंग लावलं, नकाशा उघडला. करंट १.४ झाला अन् व्होल्टेज ३.३४ वर आलं.

हिशेब सोपा आहे. करंट १.२ नं वाढला, व्होल्टेज ०.४० नं पडलं. ०.४० ला १.२ नं भागा, रोध आला ०.३३ ओहम. ॲप सरासरी दाखवतं, खरे झटके सेकंदाच्या शंभराव्या भागात येऊन जातात. झटका २ अँपिअरचा आला तर पडझड ०.६ व्होल्टची, म्हणजे व्होल्टेज ३.१४. फोन बंद. अन् झालंही तसंच. मी फ्लॅश मारून फोटो काढला अन् काकाजींच्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली. "हेच, हेच!" म्हणून ते असे खूश झाले, जसा चोरच सापडला.

आता दुसरी तक्रार. फोन पूर्ण उतरला, चार्जिंगला लावला, बॅटरीचं चित्र येतं, हिरवी पट्टी हलते, पण चालू करायला गेलं की कंपनीचं नाव येतं अन् पुन्हा तेच बॅटरीचं चित्र. कितीही वेळ बटण दाबा. लोकांना वाटतं, चार्जिंग तर होऊन राहिली, मग चालू काहून होत नाही? म्हणजे सॉफ्टवेअरच गेलं असेल.

इथं झिरोच्या बल्बाची गोष्ट पुन्हा आठवा. बंद फोनला चार्जर लावला की जे चित्र येतं ते दाखवायला पूर्ण फोन जागा होत नाही. सिस्टीमचा एक लहानसा भाग तेवढ्यापुरता उठतो, चित्र दाखवतो अन् बॅटरीवर लक्ष ठेवतो. त्याला करंट नाममात्र लागतो. पूर्ण फोन चालू होताना मात्र प्रोसेसर जोरात धावतो, मेमरी, स्क्रीन, नेटवर्क सगळं एकदम उठतं. ती मोटर आहे. बॅटरी रिकामी, आतला रोध वाढलेला, अन् चार्जरची केबल बाजारातून तीस रुपयांत घेतलेली, अर्धा अँपिअरही धड न देणारी. मोटर उचलायला गेली की व्होल्टेज पडतं, चिप लाईन कापते, फोन बंद होतो. चार्जर लागलेलाच आहे म्हणून पुन्हा चित्र येतं. हे चक्र रात्रभर चालू शकतं.

अशा वेळी लोक जे करतात तेच नडतं. दर दोन मिनिटांनी बटण दाबून पाहतात. प्रत्येक वेळी फोन उठायचा प्रयत्न करतो अन् साठलेला थोडा चार्ज त्यातच खर्च होतो. फोन महिनाभर कपाटात पडून पार उतरला असेल तर आणखी हळू. बॅटरी फार खाली गेलेली असली की फोन तिला सुरुवातीला मुद्दाम थेंबथेंब चार्ज करतो. सेलची काळजी म्हणून तसं ठरवलेलंच असतं. अशा वेळी वीस-तीस मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही. म्हणून चांगला चार्जर, चांगली जाड केबल, थेट भिंतीच्या सॉकेटला, अन् तासभर बटणाला हात नाही. कॉम्प्युटरच्या किंवा सोलर कंदिलाच्या यूएसबीला लावून पाहू नका, तिथून करंट फार कमी मिळतो.

त्याआधी एकदा चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून पाहा. आमच्या भागात हे मी मुद्दाम सांगतो. वेचणीच्या दिवसांत खिशात फोन असला की त्या भोकात रुई जाऊन बसते. चार्जर लावताना ती आणखी आत दाबली जाते अन् महिन्याभरात आत लगदा तयार होतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, थोडं हललं की चार्जिंग तुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद ती रुई काढायची. सुई किंवा टाचणी घालायची नाही, आतल्या पिना वाकतात. एकदा एका पोराच्या फोनमधून एवढी रुई निघाली की तो म्हणाला, भाऊ, जिनिंगवर नेऊन देऊ का?

अन् कधी उलटही होतं. चार्जर लावलेलाच नाही अन् तरी चार्जिंगचं चित्र येतं. पावसात भिजलेला, घामानं ओला झालेला किंवा फवारणीच्या वेळी खिशात असलेला फोन असेल तर पोर्टच्या पिनांवर ओल नाहीतर हिरवट गंज बसतो, अन् फोनला वाटतं चार्जर लागला. यात ना बॅटरीचा दोष, ना सॉफ्टवेअरचा. असा फोन चालू करायच्या भानगडीत पडू नका, वाळू द्या अन् दुकानात पोर्ट साफ करून घ्या.

आता मुख्य प्रश्न: बॅटरी की सॉफ्टवेअर? माझ्या मते यासाठी सगळ्यात कामाची चाचणी एकच आहे, अन् ती फुकट आहे. बिघाड चार्जिंगवर अवलंबून आहे का, हे पाहायचं. सॉफ्टवेअरला बॅटरी किती भरली आहे याच्याशी देणंघेणं नसतं. सिस्टीमची फाईल खराब झाली असेल तर ती तीस टक्क्यांवर जशी खराब तशीच शंभरावरही खराब. बॅटरीचा बिघाड मात्र भरलेल्या बॅटरीत लपतो अन् उतरत्या बॅटरीत उघडा पडतो, कारण घसरायला जागा कमी होत जाते.

म्हणून फोन शंभर टक्के भरा. भरलेला असताना दिवसभर नीट चालला, कॅमेरा लावला, व्हिडिओ कॉल केला तरी काही झालं नाही, अन् चाळीसच्या खाली आल्यावरच पडायला लागला, तर बॅटरी. दुसरं, तीस टक्क्यांवर असताना पॉवर बँक लावून तोच कॅमेरा चालवून पाहा. पॉवर बँकेनं भार वाटून घेतला अन् फोन टिकला, तर बॅटरी. तिसरं म्हणजे काकाजींनी न सांगता सांगितलेली खूण: बंद पडल्यावर चार्जर लावून लगेच चालू केला की किती टक्के दाखवतो? पुन्हा २८-३० दाखवत असेल तर चार्ज आत आहे अन् रोध वाढलेला आहे. एक-दोन टक्केच दाखवत असेल तर बॅटरी खरंच रिकामी झाली होती अन् फोनचा हिशेब चुकला होता. हिशेब चुकणं हेही बहुतेक वेळा जुन्या बॅटरीमुळेच होतं, कारण फोन अजून जुन्याच मापानं मोजत असतो. पण नवी बॅटरी टाकल्यावर असं झालं तर एकदोनदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून पाहायला हरकत नाही, फोन नवं माप शिकतो. मात्र ज्याचा रोध वाढलाय त्याला अशा कसरतीचा काहीच उपयोग नाही. इंटरनेटवर "कॅलिब्रेशन करा" म्हणून जे सांगतात त्यात हा फरक कुणी सांगत नाही.

सॉफ्टवेअरचा बिघाड कसा दिसतो तेही पाहू. काकाजी गेले त्याच आठवड्यात एक कॉलेजची मुलगी आली. फोन दोन वर्षांचाच. कंपनीचं नाव येतं, ते गोल गोल फिरत राहतं अन् पाच-सात मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. काळा पडत नाही, विझत नाही, नुसता फिरत राहतो. चार्जरवर असो वा नसो, वागणं तेच, अन् अडकतो तेही दरवेळी एकाच ठिकाणी. तिला विचारलं, शेवटी काय केलं होतं? म्हणाली, "दादा, स्टोरेज फुल, स्टोरेज फुल असं रोज दाखवत होता, मी लक्षच दिलं नाही." तिथंच कळलं. अँड्रॉइडला उठताना स्वतःच्या फाईली लिहायला थोडी जागा लागते. ती अगदीच संपली की काही फोन असे अर्ध्यात अडकतात. अपडेट अर्धवट राहिलं तरी असंच होऊ शकतं.

खात्री करायला मी फोन रिकव्हरीत नेला. बहुतेक फोनमध्ये बंद अवस्थेत पॉवर अन् व्हॉल्यूम अप एकत्र दाबून धरलं की ही साधी, काळ्या पाटीसारखी स्क्रीन येते. काही कंपन्यांच्या नव्या फोनमध्ये त्यासाठी केबल कॉम्प्युटरला जोडलेली असावी लागते. तिथं फोन वीस मिनिटं तसाच ठेवला. चार्जर काढला तरी स्थिर. यावरून एवढं कळलं की बोर्डाला वीज नीट मिळते आहे अन् भानगड पुढे, सिस्टीममध्ये आहे. उलट रिकव्हरीतही फोन मध्येच विझत असेल तर सॉफ्टवेअरचं नाव घेऊ नका, बॅटरी, पोर्ट नाहीतर बोर्ड बघा. मात्र रिकव्हरीत टिकला म्हणजे बॅटरी चांगलीच, असंही म्हणता येत नाही, कारण रिकव्हरी हाही तसा झिरोचाच बल्ब. म्हणून मी तिचा फोन आधी शंभर टक्के भरला. तरी तो त्याच जागी अडकला, तेव्हा बॅटरीचा संशय सोडला.

रिकव्हरीत गेलात तर `Reboot system now` ही ओळ बिनधोक आहे. `Wipe data/factory reset` या ओळीवर मात्र बोट पडलं तर फोटो, नंबर सगळं जातं. व्हॉल्यूमच्या बटणानं वरखाली करताना हात घसरतो म्हणून सांगतो. त्या मुलीचा फोन तीन-चार वेळा सक्तीनं रीस्टार्ट केल्यावर एकदा सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त फोनची मूळ ॲप घेऊन, उठला. (सक्तीनं रीस्टार्ट म्हणजे बहुतेक अँड्रॉइडवर पॉवर अन् व्हॉल्यूम डाउन पंधरा-वीस सेकंद दाबून धरणं. दोन्ही प्रकारच्या बिघाडात सुरुवात यानंच करावी.) उठल्याबरोबर मी बाकी काही न करता तिचे व्हिडिओ कार्डावर काढले, जागा मोकळी केली. प्रत्येक वेळी नशीब असं साथ देत नाही. कधी रीसेटच करावं लागतं, अन् कधी फोनची आतली साठवणीची चिपच झिजलेली असते. मग सॉफ्टवेअर कितीही वेळा मारा, दोन दिवसांत पुन्हा तेच.

बॅटरी खराब असलेल्या फोनला सॉफ्टवेअर मारणं हे तर मला धोक्याचं वाटतं. सॉफ्टवेअर आत लिहिलं जात असताना मध्येच व्होल्टेज पडून फोन विझला तर जो फोन निदान चालू तरी होत होता तो कायमचा दगड होऊ शकतो. म्हणून कुणी सॉफ्टवेअर मारायला सांगितलं तर आधी एवढंच विचारा, बॅटरी चेक केली का? दुकानात चांगल्या स्थितीतली त्याच मॉडेलची दुसरी बॅटरी जोडून पाहता येते, किंवा बॅटरी काढून डीसी पॉवर सप्लायवर फोन चालू करून करंटचा काटा बघता येतो. काम दहा मिनिटांचं आहे.

"अपडेट केलं अन् तेव्हापासून बिघडला" ही तक्रारही रोजची. लोक खोटं बोलत नाहीत, पण त्याचा अर्थ दरवेळी सॉफ्टवेअर खराब असाच होत नाही. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत सगळी ॲप नव्यानं लावत असतो, प्रोसेसर जास्त धावतो. बॅटरी आधीच काठावर असेल तर हा वाढलेला भार तिला उघडी पाडतो. याची दुसरी बाजू ॲपलच्या प्रकरणात दिसली. २०१६ मध्ये काही आयफोन चार्ज शिल्लक असतानाच बंद पडायला लागले. जानेवारी २०१७ च्या `iOS 10.2.1` या अपडेटनंतर ते बंद पडणं बरंच कमी झालं, अन् डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीनं मान्य केलं की जुनी बॅटरी असलेल्या फोनचा प्रोसेसर अपडेटनं मुद्दाम हळू केला होता, म्हणजे करंटचे झटके लहान होतील. ग्राहक चिडले, कारण सांगितलं नव्हतं. पण तंत्र म्हणून पाहा: मोटरचा भार कमी केला, म्हणजे बारीक वायरीवरही ती उचलली. आता आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचं आरोग्य टक्क्यांत दिसतं. ते ऐंशीच्या खाली गेलं असेल अन् फोन अचानक बंद पडत असेल तर कारण वेगळं शोधायची गरज नाही.

बॅटरी एवढ्या लवकर म्हातारी का होते, याचं आमच्याकडचं उत्तर एका शब्दात: ऊन. अकोला, चंद्रपूर, यवतमाळकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली किंवा ट्रॅक्टरच्या बोनटवर ठेवलेल्या फोनचं तापमान त्याहून कितीतरी जास्त. बॅटरी तापली की थर साचण्याची ती रासायनिक क्रिया वेगानं होते, अन् तापलेली बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तर आणखीच. दुपारी टिनाखाली चार्जिंगला लावून ठेवलेला फोन म्हणजे दोन्ही एकदम. हे नुकसान उन्हाळ्यात होतं, पण कळतं हिवाळ्यात. थंडीत आतला रोध तात्पुरता वाढतो, म्हणून गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला पहाटे वावरात गेलेल्या माणसाचा फोन पन्नासवरही बंद पडतो अन् दुपारी तोच नीट चालतो. मग लोक म्हणतात, कधी कधी होते, म्हणजे सॉफ्टवेअरच.

काकाजींच्या फोनची बॅटरी बदलायची ठरली. मागचं झाकण उघडल्यावर दिसलं, बॅटरी थोडी फुगली होती, उशीसारखी. झाकण एका बाजूनं उचललेलं किंवा स्क्रीन मधूनच वर आलेली दिसली तर असा फोन चार्जिंगला लावू नका अन् दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. आतले पडदे फाटले की पेट घेते. ती काढतानाही मी पत्र्याचं हत्यार वापरत नाही, प्लास्टिकची पट्टी अन् सावकाश.

नवी बॅटरी घेताना लोक वरचा एमएएचचा आकडा पाहतात. तो छापलेला असतो, छापणाऱ्याला काय लागतं? त्यापेक्षा बनवल्याची तारीख पाहा, अन् बसवल्यावर दुकानदाराला तीस टक्क्यांवर कॅमेरा अन् फ्लॅश लावून दाखवायला सांगा. डुप्लिकेट बॅटरीत आकडा मोठा अन् रोधही मोठा असला तर पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा त्याच काउंटरवर. बॅटरी बदलेपर्यंत काम भागवायचं असेल तर फोन पन्नासच्या वर ठेवा, वावरात जाताना पॉवर बँक जोडूनच फोटो काढा अन् ब्राइटनेस थोडा खाली घ्या.

त्यांच्या फोनवर मी तीच चाचणी पुन्हा केली. ३१ टक्के येईपर्यंत संध्याकाळ झाली, काकाजी तोवर बाजार करून आले. पडून असताना ३.७५, व्हिडिओ अन् नकाशा लावल्यावर ३.६०. आधी ०.४० पडत होतं, आता ०.१५. मी फ्लॅश मारून त्यांचाच फोटो काढला. त्यांनी फोन हातात घेऊन आधी टक्के पाहिले, मग फोटो पाहिला, अन् विचारलं, "हे जुनी बॅटरी मले देतं का? पोराच्या टॉर्चले लावतो." मी ती वाळूच्या डब्यात टाकली अन् त्यांना नाही म्हटलं.